सांगलीच्या स्थळाला नकार कसा कळवावा?

प्रश्न: आम्ही नाशिकचे. मुलगी पुण्यात नोकरी करते. विवाहाच्या साइटवर सांगलीच्या एका कुटुंबाकडून इंटरेस्ट आला. मुलाच्या वडिलांनी प्रोफाइल स्वतःच केलेलं आहे. त्यांनी बायोडेटा, फोटो, पत्रिका पाठवली, आम्हीही पाठवली. दोनच दिवसांत माझ्या बायकोच्या मामांनी (मिरज) तोच बायोडेटा व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'घरचंच स्थळ आहे, डोळे झाकून पुढे जा.' मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे, दोन-तीन वर्षांत सांगलीला वडिलांचं पंपांचं आणि ठिबकचं दुकान बघायला जाणार आहे. रविवारी मुलगा-मुलगी फोनवर बोलले. मुलगी म्हणते, मुलगा चांगला आहे, पण नाही. सांगलीचा प्रश्न आहेच, पण तो नसता तरी माझं नाहीच. मुलाच्या वडिलांनी सोमवारी फोन करून सांगितलं की त्यांच्या गुरुजींनी पाहिलं, 27 गुण जुळतात, मंगळ नाही, पोह्यांचा कार्यक्रम कधी ठेवायचा? मी 'कळवतो' म्हणालो. आज बुधवार. मी असा मजकूर लिहिला आहे: 'सप्रेम नमस्कार. आपले स्थळ आम्हाला अतिशय आवडले. परंतु आमच्या गुरुजींच्या मते पत्रिका जुळत नाही. तसेच मुलीचा अजून एक-दोन वर्षे लग्नाचा विचार नाही. तरी गैरसमज नसावा. पुढे योग आला तर अवश्य पाहू. आपल्या चिरंजीवांना आमच्यापेक्षाही चांगले स्थळ मिळो.' हा पाठवू का? मामांना काय सांगू? त्यांचं त्या घरी जाणं-येणं आहे. कोणाचं मन दुखावलं जाऊ नये.

उत्तर:

हा मजकूर पाठवू नका. भाषा सभ्य आहे, तुमचा हेतूही चांगला आहे, पण यातल्या प्रत्येक वाक्याला सांगलीहून उलट प्रश्न येणार आहे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला तुम्ही अडकणार आहात. मी बरीच वर्षं वधूवर सूचक केंद्र चालवते. नकाराने सोयरेधायरे तुटल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. नकारात दिलेलं कारण खोटं निघालं म्हणून अबोला धरलेली घरं मात्र पाहिली आहेत.

आधी पत्रिकेचं बघू. 'पत्रिका जुळत नाही' हा आपल्याकडचा जुना, सोयीचा नकार. स्थळं मध्यस्थाकडून किंवा मंडळाच्या वहीतून यायची, पत्रिका पोस्टाने जायची, आणि परत आली की समोरचे समजून घ्यायचे. खरंच जुळली नव्हती का, हे कोणी तपासायला जायचं नाही. कारण ते कोणाचा दोष सांगत नव्हतं, ग्रहांवर ढकलत होतं. दोन्हीकडचा मान राहायचा. तो काळ मी पाहिला आहे आणि त्या पद्धतीला नावं ठेवणार नाही.

पण आता जन्मतारीख, वेळ आणि गाव टाकलं की फोनवर अर्ध्या मिनिटात गुणमिलन निघतं, काही साइट तर प्रोफाइलवरच गुण दाखवतात. 36 पैकी किती हे तर कळतंच, शिवाय नाडीचे 8, भकूटाचे 7, गणाचे 6 असे आठही कूटांचे गुण वेगवेगळे समोर येतात. तुमच्या बाबतीत तर मुलाच्या वडिलांनी गुरुजींना दाखवून 27 हा आकडा तुम्हाला सांगितला आहे. 18 च्या वर बहुतेक घरं पुढे जातात. अशा वेळी 'आमच्या गुरुजींच्या मते जुळत नाही' म्हणालात, तर ते विचारणारच की नेमकं काय जुळत नाही? तुम्ही एकनाडी म्हणालात, तर त्यांच्याकडे तक्ता आहे. तो तक्ता तुमच्या म्हणण्याशी जुळला नाही तर तुम्ही खोटे ठरलात. आणि जुळला तरी ते म्हणतील, आमच्या गुरुजींनी परिहार सांगितला आहे, एकदा दोघा गुरुजींचं बोलणं करून देऊ. म्हणजे जे दार बंद करायला निघालात, तिथे तुम्हीच पाट मांडून दिलात.

ज्यांच्या घरी पत्रिका खरोखर बघतात त्यांनी ती जरूर बघावी. पण तिचा नकार पत्रिका हातात आल्यावर, मुलं बोलायच्या आधी द्यायचा असतो. मुलं बोलून झाल्यावर तीन दिवसांनी पत्रिका आडवी आली, तर समोरच्याला बरोबर कळतं की आडवं काय आलं आहे.

दुसरं कारण 'एक-दोन वर्षं विचार नाही'. तुमच्या मुलीचं प्रोफाइल साइटवर चालू आहे. ती किंवा तुम्ही शेवटचं केव्हा उघडलं हेही अनेक साइटवर दिसतं. उद्या तुम्ही हे कळवलंत आणि शनिवारी दुसऱ्या स्थळाला होकार पाठवलात, तर तुमचं प्रोफाइल त्यांच्या यादीत वर आलेलं त्यांनाच दिसेल. शिवाय ही मुदत झाली. मुदत दिली की माणसं मोजतात. तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त सुरू झाले की सांगलीहून फोन येईल, 'काय, आता काय विचार आहे?' तेव्हा पुन्हा नवं कारण शोधावं लागेल.

दोन कारणं एकत्र दिली की दोन्ही दुबळी होतात, हेही लक्षात घ्या. पत्रिका जुळत नाही तर वर्षांचा प्रश्न येतो कुठे?

'पुढे योग आला तर अवश्य पाहू' हे वाक्य तर अजिबात नको. तुम्ही ते शिष्टाचार म्हणून लिहिलंत, पण मुलाची आई ते चार वेळा वाचेल आणि त्यात आशा शोधेल. 'आमच्यापेक्षाही चांगले स्थळ मिळो' हे लिहिताना नम्र वाटतं, वाचताना टोमणा लागतो. 'गैरसमज नसावा' हे वाचलं की जो गैरसमज झालेला नसतो तो सुरू होतो. आणि 'अतिशय आवडले' असं म्हणून पुढे 'परंतु' आलं की आधीचं सगळं खोटं वाटतं. त्यांनी तुमच्याशी चांगलं वागून काय काय केलं ते नेमकं सांगा. ते खरं आहे आणि त्याला 'परंतु' लागत नाही.

मग कारण कोणतं द्यायचं? माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी एकच कसोटी लावायला सांगते. जे कारण लिहिणार आहात ते समोरच्याने उद्या दूर केलं, तर तुमचं उत्तर बदलेल का? बदलणार असेल तर तो नकार नाहीच, ती अट आहे, आणि ती मोकळेपणाने बोलून बघावी. बदलणार नसेल तर ते कारण लिहू नये.

तुमच्याकडे सांगलीला परत जाण्याचं कारण तयार आहे, आणि ते लिहायचा मोह होईल. खरंही आहे, कोणाला लागणारंही नाही. पण त्याचं काय होईल ते बघा. मुलाचे वडील दुकानदार आहेत, रोज घासाघीस करणारा माणूस. तुम्ही सांगलीचं नाव काढलंत की ते म्हणतील, 'अहो, मग दुकान पुतण्या बघेल, पोरगा राहील पुण्यातच.' कदाचित खरंच तसं ठरवतीलही. आणि मग तुम्हाला सांगावं लागेल की तरीही नाही. म्हणजे एका बापाने मुलाच्या सुखासाठी दुकानाचा हट्ट सोडला, आणि तुम्ही त्याला दुसऱ्यांदा नाही म्हणालात. पहिल्या नकारापेक्षा हा कितीतरी जास्त लागतो. तुमची मुलगी स्वतःच म्हणाली आहे की सांगलीचा प्रश्न नसता तरी तिचं नाहीच होतं. म्हणजे सांगली हे कारण नव्हे.

खरं कारण अगदी साधं आहे. बोलल्यावर पुढे जावं असं तिला वाटलं नाही. पालक हे लिहायला घाबरतात, कारण मुलगी शिष्ट ठरेल अशी भीती असते. पण याच कारणाशी घासाघीस करता येत नाही, ते तपासता येत नाही, आणि त्यात मुलाचा काही दोष निघत नाही. ते मांडायचं कसं, एवढंच बघायचं. नुसतं 'मुलगी नाही म्हणते' लिहिलंत तर वाटतं की आईवडील तयार आहेत, पोरगी अडून बसली आहे, मग तिला समजावायला मामा, मामी, मावशी सगळे कामाला लागतात. नुसतं 'आम्ही ठरवलं' लिहिलंत तर मुलाला वाटतं की मुलगी राजी आहे, आईबापच मोडता घालताहेत, आणि तो तिला परस्पर मेसेज करतो. म्हणून दोन्ही हवं. तिला तसं वाटलं, आणि आम्हाला ते मान्य आहे.

आता क्रम. तुमच्या बाबतीत मजकुराइतकाच तो महत्त्वाचा आहे, कारण तुम्हाला तीन ठिकाणी कळवायचं आहे.

सर्वांत आधी मामा, आणि फोनवरच. त्यांना हे सांगलीहून कळलं तर तुमचं काही खरं नाही. स्थळ मुळात साइटवरून आलं असलं तरी त्यांनी 'घरचंच' म्हणून त्यावर आपला शब्द टाकला आहे. त्या घरी ते जातात-येतात, कोणाच्या तरी मुंजीत, बारशात समोरासमोर येणार आहेत. मामांना तुमच्याकडून लांबलचक कारण नको असतं. आपल्याला पहिलं कळवलं, माणसं ओळखण्यात आपली चूक झाली नाही, आणि उद्या कोणी विचारलं तर बोलायला एक वाक्य आहे, एवढं त्यांना पुरतं. तेवढं द्या:

'मामा, तुम्ही सांगितलेलं घर खरंच चांगलं आहे. बोलण्यात, वागण्यात कुठे काही कमी नाही. पण मुलं बोलली, आणि हिला पुढे जावंसं वाटलं नाही. आम्ही दोघांनी तिच्याशी नीट बोलून घेतलं, आम्हाला तिचं म्हणणं मान्य आहे. त्यांना मी आत्ता तासाभरात स्वतः कळवतोय. तुम्हाला आधी सांगितल्याशिवाय कळवायचं नव्हतं. तुम्हाला कोणी विचारलं तर मुलांचं जुळलं नाही, एवढंच सांगा.'

यावर मामा बहुतेक म्हणतील, 'अरे, फोनवर काय कळतं? एकदा पोहे तरी होऊ द्या.' इथे पुष्कळ जण मामांच्या मानासाठी हो म्हणतात. तसं करू नका. नकार ठरलेला असताना कार्यक्रम ठेवणं म्हणजे त्या माणसांना सांगलीहून नाशिकपर्यंत फुकट आणणं. मुलगा रजा काढेल, आई नवी साडी नेसून येईल, आणि पोहे खाऊन परत गेल्यावर जो नकार जाईल तो मुलाला पाहून दिलेला नकार होईल. आज तो फक्त फोनवरच्या बोलण्यावरचा आहे. मामांना हेच सांगा: 'मामा, मन नसताना बोलावलं तर तुमच्याच माणसांचा अपमान होईल.' हे त्यांना पटतं, कारण त्यात त्यांची बाजू आहे.

मामा असंही म्हणतील की 'मी सांगतो त्यांना, तू नको लिहूस.' स्थळ मध्यस्थानेच आणलं असतं आणि तुमचं त्या घराशी थेट बोलणं झालं नसतं, तर निरोप त्यांच्यामार्फतच जायला हवा होता. इथे मुलाच्या वडिलांनी तुम्हाला स्वतः फोन केला आहे, तारीख विचारली आहे. उत्तर तुम्हीच द्यायला हवं. शिवाय मामा प्रेमळ असले तर नकार मऊ करून सांगतील, 'जरा थांबा, मी बोलतो पोरीशी', आणि सगळं पुन्हा उभं राहील. आणखी एक, मामांना मुलीने सांगितलेले बारकावे सांगू नका. मुलगा फार बोलत होता की कमी, कशावर हसला, हे घरात राहू द्या. मिरज-सांगली अंतर फार नाही.

मामांचा फोन झाला की तासाभरात मुलाच्या वडिलांना. फोन करावा की लिहावं, यावर माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, पण सांगते. घरोघरी भेट झाली असती, पोहे झाले असते, तर फोनच करायचा. ज्यांच्या घरचं पाणी प्यायलो त्यांना नुसता मेसेज टाकणं बरं दिसत नाही. तुमच्यासारखं फक्त फोनवर बोलणं झालं असेल तर व्हॉट्सॲपवर लिहिलेलं चांगलं. फोनवर नकार ऐकणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे काहीतरी बोलावं लागतं. दुकानात गिऱ्हाईक उभं असतं, घरात बायको तोंडाकडे बघत असते. मग तो घाईत 'का हो, काय झालं?' विचारतो आणि तुम्हीही घाईत नको ते कारण देता. लिहिलेलं तो एकटा वाचू शकतो, मग घरात आपल्या शब्दांत सांगू शकतो. मात्र व्हॉइस मेसेज नको, फुलांची चित्रं नकोत, आणि तुमचा, मामांचा, त्यांचा मिळून एखादा ग्रुप झाला असेल तर त्यात तर मुळीच नको.

उद्या गुरुवारी सकाळी हे उरकून टाका. घाईचं कारण आहे. स्थळं बघणारी घरं शनिवार-रविवार कार्यक्रमांना मोकळा ठेवतात. त्यांनी तारीख विचारली आहे, म्हणजे तुमच्यासाठी त्यांनी दुसरं एखादं स्थळ या रविवारी थांबवलं असण्याची शक्यता आहे. तुम्ही शुक्रवारच्या आत कळवलंत तर त्यांचा रविवार वाया जात नाही. सोमवारी 'कळवतो' म्हणून गुरुवारी कळवणं योग्य आहे. आठवड्याच्या पुढे गेलं की विचार चालू आहे असं वाटत नाही, टोलवाटोलवी वाटते.

मजकूर असा पाठवा:

'सप्रेम नमस्कार. आपण चि. ___ यांचा बायोडेटा आणि पत्रिका आपुलकीने पाठवलीत, गुरुजींना दाखवून लगेच कळवलंत, आणि मुलांना मोकळेपणाने बोलू दिलंत, याबद्दल मनापासून आभार. मुलांचं बोलणं चांगलं झालं. मात्र हे स्थळ पुढे न्यावं असं आमच्या मुलीला वाटलं नाही. आम्ही तिच्याशी सविस्तर बोललो आणि तिचा निर्णय आम्हाला मान्य आहे. त्यामुळे आम्ही इथे थांबत आहोत. आपण आमच्यासाठी खोळंबून राहू नये म्हणून लगेच कळवत आहे. आपण पाठवलेला बायोडेटा, फोटो आणि पत्रिका आमच्याकडून कुठेही पुढे गेलेली नाही, ती आज फोनमधून काढून टाकत आहे. आमचीही आपल्याकडून काढून टाकावी, ही विनंती. मामांशी मी बोललो आहे. वहिनींना आमचा नमस्कार सांगावा.'

यात काही गोष्टी मुद्दाम ठेवल्या आहेत. 'थांबत आहोत' हा नकार आहे आणि तो तसाच वाचला जातो, पण 'नकार देत आहोत' असं लिहिण्यातला ठोसा त्यात नाही. 'सध्या' घातला नाही. घालू नका, त्या एका शब्दाने सगळं अर्धवट राहतं. 'मुलांना मोकळेपणाने बोलू दिलंत' ही खरी दाद आहे. मुलाच्या प्रोफाइलवर बाप बसलेला असला की अनेक घरांत तेवढंही होत नाही. वर 'आदरणीय ___साहेब' लिहा, त्यांना तुम्ही फोनवर जे म्हणालात तेच इथेही म्हणा. पोरीच्या नावामागे चि. सौ. कां. लावायची सवय असेल तर इथे ती टाळा, ते लग्नपत्रिकेवर शोभतं.

कागदपत्रांची ओळ शिष्टाचारापुरती नाही. बायोडेट्यात पगार, पत्ता, फोन नंबर, जन्मवेळ, मामाचं आडनाव सगळं असतं आणि तो आठ-दहा ग्रुपमधून फिरत राहतो. नाकारलेल्या स्थळाचा बायोडेटा 'आमच्या नात्यात एक मुलगी आहे' म्हणून परस्पर पुढे पाठवणं तर वाईटच. तुमच्या ओळखीत खरोखर जुळण्यासारखं कोणी असेल तर महिनाभराने त्यांना विचारा, आणि हो म्हणाले तरच पाठवा. नकाराच्याच पत्रात दुसरं स्थळ सुचवू नका. सांत्वनाला दिल्यासारखं दिसतं. काढून टाकतो म्हणालात तर खरंच काढा. फोटो गॅलरीतही उतरलेले असतात, आणि बायकोच्या फोनमध्येही.

तिसरं, मुलीचं मुलाला. दोघांनी नंबर घेतले असतील तर वडिलांचा निरोप गेला त्याच सुमाराला तिने स्वतः दोन ओळी लिहाव्यात. 'नमस्कार. रविवारी बोलून छान वाटलं. मी विचार केला, पण मला पुढे जावंसं वाटत नाही. बाबांनी काकांना कळवलं आहे. तुम्ही वेळ दिलात, मोकळेपणाने बोललात, त्याबद्दल आभार.' एवढं बस. बहुतेक मुली इथे गप्प राहतात किंवा नंबर ब्लॉक करतात. मुलाने काही वावगं केलेलं नसेल तर त्याला हे वडिलांकडून कळू देणं बरं नाही, तोही बायोडेट्यामागे एक माणूसच आहे. त्याने 'कारण कळेल का?' विचारलं तर तिने त्याच्या स्वभावाचं परीक्षण करत बसू नये. 'तुमच्यात काही खटकलं असं नाही, मला आतून हो आलं नाही' इथे तिने थांबावं. पुढे वाद घालू लागला तर मग ब्लॉक करायला हरकत नाही.

आणि साइटवरचं नकाराचं बटण सगळ्यात शेवटी. पुष्कळ जण आधी बटण दाबतात आणि मग सावकाश मजकूर लिहायला बसतात. बटण दाबताक्षणी त्यांच्या फोनवर साइटचा साचेबद्ध निरोप जातो, बऱ्याचदा इंग्रजीत, आणि तुमचं पत्र पोचायच्या आत त्यांना नकार मशीनकडून कळलेला असतो. नंतरचं पत्र मग सारवासारव वाटतं. म्हणून आधी पत्र, ते वाचल्याच्या खुणा दिसल्या की बटण. पण दाबायचं नक्की. इंटरेस्ट तसाच ठेवला तर त्यांच्याकडे तो 'उत्तर बाकी' म्हणून पडून राहतो आणि साइट त्यांना आठवण करत राहते. शॉर्टलिस्टमध्ये ठेवलं असेल तर तिथूनही काढा. (नुसता इंटरेस्ट आलेला असतो, फोन-पत्रिका काहीच झालेलं नसतं, तेव्हा हे सगळं लागत नाही. तिथे चार-पाच दिवसांत बटण दाबलं की झालं. कोणीही त्याचा राग मानत नाही.)

निरोप गेल्यावर मुलाच्या वडिलांचा फोन येईल असं धरून चाला. तो उचला. न उचलणं हा एवढ्या सगळ्यातला खरा अपमान ठरेल. ते पहिलं विचारतील, 'आमचं काही चुकलं का?' उत्तर: 'अजिबात नाही. तुमच्याकडून सगळं व्यवस्थित झालं, म्हणून तर लगेच कळवलं.' मग म्हणतील, 'पण गुण तर 27 आहेत.' उत्तर: 'हो, पत्रिकेचा प्रश्नच नव्हता.' हे म्हणता येतं कारण तुम्ही पत्रात पत्रिकेला हात लावलेला नाही. 'सांगलीला यायचं नाही का तिला?' यावर 'तोही मुद्दा असेल' असं चुकूनही म्हणू नका, वर सांगितलेली घासाघीस तिथूनच सुरू होते. 'गावाचा प्रश्न नाही साहेब, तिला आतून वाटलं नाही' एवढंच. क्वचित कोणी विचारतं, 'दुसरीकडे कुठे मन आहे का पोरीचं?' हा प्रश्न त्यांनी विचारायला नको, पण दुखावलेला माणूस विचारतो. चिडू नका, खुलासेही देऊ नका. 'तसं काही नाही' म्हणून विषय संपवा. फोन चार-पाच मिनिटांच्या पुढे नेऊ नका. लांबलेल्या फोनवर माणूस सौजन्यापोटी 'बघू', 'बोलतो पुन्हा' असं काहीतरी बोलून बसतो.

फोन आलाच नाही, नुसत्या दोन निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही, तर तेही ठीक आहे. 'मेसेज मिळाला ना?' असं विचारू नका. त्यांनाही गप्प राहायचा हक्क आहे.

हे सगळं तुमच्या सांगलीच्या घराला लागू आहे, कारण ती माणसं सरळ वागली. एखाद्या घराने आडवळणाने 'लग्न तुमच्या इतमामाला शोभेल असं' म्हणत हुंड्याचा विषय काढला असता, किंवा मुलाचं आधीचं लग्न लपवलं असतं, तर मी एवढी काळजी घ्यायला सांगितलं नसतं. तिथे एका ओळीत 'आम्ही पुढे जाणार नाही' पुरे, आणि मध्यस्थ मामांना मात्र खरं कारण पूर्ण सांगायचं, म्हणजे ते घर ते आणखी कोणाला सुचवणार नाहीत.

राहता राहिलं तुमच्या मुलीचं प्रोफाइल. अपेक्षांच्या रकान्यात तुम्ही स्थायिक होण्याच्या जागेबद्दल काही लिहिलं आहे का ते बघा. रिकामं असेल तर तिला विचारून भरा, पुणे-मुंबई असेल तर तसं, कुठेही चालेल असेल तर तसं. सांगलीचा नकार त्यामुळे झाला नसला तरी पुढचा एखादा होईल. भरल्यावर तोच नवा बायोडेटा मामांनाही पाठवा आणि स्थळं सुचवत राहा म्हणून सांगा. त्यांनी स्थळ पाठवलं आणि ते नाकारलं गेलं, म्हणून त्यांनी आता पाठवणं बंद करावं असं तुम्हाला वाटत नाही, हे त्यांना त्या एका गोष्टीवरून कळेल.